अपडेटनंतर लॉगिन होत नाही: डेटा पुसायचा की ॲप काढून पुन्हा टाकायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि शेजारच्या सोसायट्यांतूनही एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत राहते: रात्री ॲप अपडेट झालं आणि सकाळपासून लॉगिनच होत नाही. मी ऐरोलीला मोबाइल ॲपच्या सपोर्टचं काम करते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे वळवले जातात. एकेका मेसेजमध्ये उत्तर मावत नाही, त्यामुळे सगळी इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणाला बहुतेक ठिकाणी गेटवर आलेल्या माणसाला परवानगी देणारं सोसायटीचं ॲप घेतलं आहे, कारण सर्वाधिक प्रश्न त्याचेच असतात. तुमचा आयफोन असेल तर १ ते ३ वाचून थेट प्रश्न ९ वर जा.

१. पासवर्ड बदललेला नाही, नंबरही तोच आहे. मग नुसत्या अपडेटने लॉगिन कसं जातं?

तुम्ही एकदा ओटीपी टाकून आत गेलात की सर्व्हर ॲपला अक्षरांची एक लांबलचक ओळ देतो. तिला टोकन म्हणतात. पुढे दर वेळी ॲप तुम्हाला काही न विचारता हे टोकन दाखवून आत जातं, अगदी लोकलचा पास दाखवावा तसं. साधारणपणे टोकनं दोन असतात. ॲक्सेस टोकन काही मिनिटांत किंवा तासांत संपतं. रिफ्रेश टोकन बरेच दिवस चालतं आणि नवं ॲक्सेस टोकन मिळवायला लागतं. दोन्ही फोनमध्ये, त्या ॲपच्या स्वतःच्या जागेत साठवलेली असतात.

अपडेट होताना ॲपचा कोड बदलतो, ही जागा मात्र जशीच्या तशी राहते. म्हणजे कोड नवा आणि टोकन जुनं. नव्या कोडला टोकन वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या पद्धतीने साठवलेलं हवं असेल, तर जुनं त्याला वाचता येत नाही. किंवा कंपनीने सर्व्हरही बदललेला असतो आणि तो जुन्या पद्धतीचं टोकन स्वीकारत नाही.

आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणाला माहीत नसतं. बरेच सर्व्हर रिफ्रेश टोकन एकदाच वापरू देतात: जुनं द्या, नवं घ्या. समजा ॲपने जुनं दिलं, सर्व्हरने ते बाद करून नवं पाठवलं, आणि नेमकं त्याच वेळी प्ले स्टोअरने अपडेटसाठी ॲप बंद केलं. नवं टोकन फोनमध्ये उतरतच नाही. सकाळी ॲप ते वापरून झालेलंच टोकन पुन्हा दाखवतं. काही सर्व्हर याला चोरीची खूण मानतात आणि त्या लॉगिनची सगळी टोकनं रद्द करून टाकतात. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण घरी बसलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही.

२. टोकन चालत नसेल तर ॲपने सरळ लॉगिनचा पडदा दाखवावा. ओटीपी घेऊन पुन्हा बाहेर का काढतं?

नीट लिहिलेलं ॲप तसंच करतं. सर्व्हरने टोकन नाकारलं की ते टाकून द्यायचं, लॉगिन विचारायचं, विषय संपला. घोळ होतो तो ॲपने जुनं टोकन टाकून दिलं नाही तर. तुम्ही ओटीपी टाकता, तो बरोबर असतो, नवं टोकन येतं आणि एका जागी साठवलं जातं. पण मुख्य पान उघडताना ॲप दुसऱ्या जागेवरचं जुनं टोकन उचलतं. सर्व्हर ते नाकारतो आणि तुम्ही परत लॉगिनवर. काही ॲप तर लॉगिनच्या विनंतीलाच जुनं टोकन जोडून पाठवतात, त्यामुळे बरोबर ओटीपीही फेटाळला जातो. दोन्ही प्रकारांत तुमची काही चूक नसते आणि ओटीपी कितीही वेळा टाकला तरी उपयोग होत नाही.

३. हे टोकनचंच आहे, सर्व्हर बंद नाही, हे कसं ओळखू?

ओटीपी कुठे अडतो ते बघा. ओटीपी आला, स्वीकारला गेला, क्षणभर आतलं पान दिसलं आणि मग `Session expired` असं काहीतरी लिहून बाहेर आलात, तर जवळजवळ नक्की टोकन. ओटीपी आलाच नाही, तर हे प्रकरण वेगळं आहे (प्रश्न १२). पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश लगेच आला, तर बहुधा पासवर्डच चुकलेला असतो.

मग घरातल्या दुसऱ्या फोनवर, किंवा वेबसाइट असेल तर ब्राउझरमध्ये, त्याच खात्याने आत जाऊन बघा. तिथे चाललं म्हणजे खातं आणि सर्व्हर ठीक आहेत, बिघाड तुमच्या फोनमधल्या साठवणीत आहे. मात्र एका वेळी एकाच फोनवर चालणाऱ्या ॲपसाठी ही चाचणी करू नका, पहिला फोन आपोआप बाहेर निघतो आणि गोंधळ वाढतो. सगळ्या विंगमधून एकाच वेळी तक्रारी येत असतील तर तासभर थांबा, फोनला हात लावू नका.

फोनची वेळही तपासा. टोकनावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. फोनचं घड्याळ हाताने लावलेलं आणि मागे-पुढे असेल, तर काही ॲपना ताजं टोकनही संपलेलं वाटतं. तारीख-वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू केलं की अशा वेळी बाकी काहीच करावं लागत नाही.

४. `Clear cache` केलं तर चालेल का?

नाही, टोकन तिथे नसतं. कॅशमध्ये चित्रं आणि पुन्हा उतरवता येण्यासारख्या फायली असतात. नुकसान काही नाही, पण या दुखण्यावर उपायही नाही. लागतं ते `Clear storage`, ज्याला काही फोनवर `Clear data` म्हणतात.

५. ॲप काढून पुन्हा टाकणं म्हणजे जास्त स्वच्छ सुरुवात ना? मग डेटा पुसा असं का सांगता?

बहुतेकांना असंच वाटतं, आणि अँड्रॉइडवर ते बरेचदा खरं नसतं.

२०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून ॲपच्या डेटाचा आपोआप बॅकअप होतो. रात्री फोन चार्जिंगला, वायफाय चालू, कुणी वापरत नाही, अशा वेळी ॲपने मनाई केली नसेल तर त्याच्या जागेतल्या फायली तुमच्या गूगल खात्यात जातात. एका ॲपसाठी मर्यादा २५ एमबी. टोकनाची फाइल त्यापुढे अगदीच छोटी, ती आरामात जाते. पुढे तुम्ही ॲप काढून प्ले स्टोअरवरून पुन्हा टाकता, तेव्हा अँड्रॉइड तो बॅकअप आणून ॲपच्या जागेत ठेवतो, तेही तुम्ही ॲप उघडायच्या आधी. म्हणजे जे फेकायला ॲप काढलं, तेच परत आलं.

`Clear storage` केल्यावर हे होत नाही. बॅकअप परत आणण्याचं काम ॲप नव्याने टाकताना होतं, डेटा पुसल्यावर नाही. शिवाय त्या ॲपसाठी फोनच्या कीस्टोअर नावाच्या सुरक्षित जागेत ठेवलेल्या, कुलूपबंद फायली उघडणाऱ्या किल्ल्याही पुसल्या जातात. म्हणून जुन्या टोकनसाठी आधी डेटा पुसा असं मी सांगते. वेळ कमी लागतो आणि नेटही खर्च होत नाही.

६. मी दोनदा ॲप काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. आता काय?

वाघबीळच्या एका काकूंकडे अगदी हेच झालं होतं. सकाळी कामवाली बाई गेटवर उभी, परवानगीचा संदेश फोनवर येईना, वॉचमन इंटरकॉमवरून विचारत होता. काकूंनी ॲप काढलं, टाकलं, ओटीपी दिला, बाहेर. पुन्हा काढलं, टाकलं, पुन्हा बाहेर.

मी त्यांना एकच सांगितलं: पुन्हा टाकल्यावर पहिला पडदा कोणता येतो ते नीट बघा. हे ॲप नव्या फोनवर सगळ्यात आधी भाषा विचारतं. काकूंच्या फोनवर भाषा न विचारता ते थेट मराठीत उघडलं, आणि लॉगिनच्या पानावर त्यांचा मोबाइल नंबर आधीच भरलेला होता. नव्या ॲपला हे कुठून कळणार? बॅकअप परत आला होता, आणि त्याच्याबरोबर टोकनही.

उघडू नका, आधी `Clear storage` करा, असं सांगितल्यावर त्यांनी केलं. या वेळी ॲपने भाषा विचारली. तिथेच मला कळलं की काम झालं. ओटीपी टाकला आणि त्या आत राहिल्या.

याचाच एक वाईट प्रकार म्हणजे ॲप नुसतं लोगो दाखवून बंद पडतं. टोकन कुलूपबंद करून साठवलेलं असतं आणि त्याची किल्ली फोनच्या कीस्टोअरमध्ये. ॲप काढताना किल्ली जाते, ती बॅकअपमध्ये नसते. मग बॅकअपमधून कुलूपबंद फाइल परत येते, पण ती उघडणारी किल्ली नाही. उपाय तोच.

७. अँड्रॉइडवर नेमका क्रम सांगा.

आधी प्रश्न १० आणि १२ वाचा, मग सुरुवात करा. प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर `Update` दिसतंय का ते बघा. कंपनीने दुरुस्ती सोडलेली असेल तर एवढ्यावरही भागतं. ॲप आत जाऊ देत असेल तर आतूनच लॉगआउट करा, म्हणजे सर्व्हरकडचं टोकनही रद्द होतं.

मग ॲपचं चिन्ह दाबून धरा, `App info` उघडा, `Storage & cache` मध्ये जा आणि `Clear storage` दाबा. सॅमसंगवर `Storage` मध्ये `Clear data` असतं, शाओमीवर `Clear data` हे बटण `App info` च्या पानावरच खाली दिसतं. फोन मराठीत असेल तर हीच नावं मराठीत दिसतील. नंतर ॲप उघडा. ते अगदी नव्यासारखं वागतंय का, म्हणजे भाषा, परवानग्या, सगळं पहिल्यापासून विचारतंय का, ते पाहा आणि मगच ओटीपी मागवा.

सूचनांची परवानगी विचारली की `Allow` करा. डेटा पुसल्यावर परवानग्याही जातात, आणि अँड्रॉइड १३ पासून सूचनांसाठी वेगळी परवानगी लागते. घाईत नकार दिला तर लॉगिन होईल, पण गेटवर कोण आलंय ते फोन सांगणार नाही. यावरून मला पुन्हा फोन येतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

८. मग पुन्हा टाकायची गरज कधीच नसते का?

असते. डेटा पुसूनही ॲप उघडताच बंद पडत असेल, अपडेट अर्धवट अडकलं असेल, किंवा ॲप प्ले स्टोअरऐवजी कुणी पाठवलेल्या एपीके फाइलवरून टाकलेलं असेल, तर कोडच नव्याने आणावा लागतो. तेव्हा ॲप काढा, प्ले स्टोअरवरून टाका, उघडायच्या आधी प्रश्न ७ प्रमाणे डेटा पुसा, मग उघडा. हाच क्रम ठेवा. आधी डेटा पुसून मग ॲप काढलं तर पुन्हा टाकताना जुना बॅकअप परत येऊ शकतो.

काढताना काही ॲप डेटा ठेवायचा का असं विचारतात, `Keep app data` अशा अर्थाची चौकट दिसते. तिथे खूण करू नका.

९. आयफोनवर `Clear data` सापडतच नाही.

कारण आयफोनमध्ये तशी सोयच नाही. `Settings`, मग `General`, मग `iPhone Storage` मध्ये ॲप निवडलं की दोन गोष्टी दिसतात. `Offload App` फक्त कोड काढतं आणि डेटा ठेवतं, म्हणजे आपल्या कामाचं नाही. `Delete App` डेटाही काढतं.

अडचण पुढे आहे. आयफोनवर टोकन बहुतेक वेळा किचेन नावाच्या फोनच्याच सुरक्षित जागेत ठेवतात, आणि ॲप काढलं तरी किचेनमधली नोंद मागे राहते. पुन्हा टाकलेल्या ॲपला ती जशीच्या तशी सापडते. म्हणून आयफोनवर आधी ॲपमधून लॉगआउट करा, मग ॲप काढा. लॉगआउटपर्यंत पोहोचता येत नसेल तर वेबसाइटवरून सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करण्याची सोय शोधा. `Settings` मध्ये त्या ॲपच्या नावाखाली रीसेटचं बटण आहे का तेही बघा, काही ॲप ते देतात. यातलं काहीच नसेल तर कंपनीच्या पुढच्या अपडेटची वाट पाहावी लागते. एका ॲपसाठी अख्खा फोन पुसू नका.

१०. डेटा पुसल्यावर काय जातं? कुठल्या ॲपला हात लावू नये?

सर्व्हरवर जे आहे ते राहतं, फक्त फोनमध्ये जे आहे ते जातं. सोसायटीच्या ॲपमध्ये फ्लॅट, बिलं, घरच्यांची नावं सर्व्हरवर असतात, लॉगिन केलं की परत दिसतात. जातात ती अर्धवट लिहिलेली तक्रार, सेटिंग्ज आणि ॲपच्या आत उतरवलेल्या पावत्या.

ओटीपीचे सहा आकडे तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचा डेटा मात्र अजिबात पुसू नका. त्यातले कोड खात्याशी सिंक केलेले नसतील तर ते कायमचे जातात आणि त्यावर चालणारी सगळी खाती अडकतात. चॅटच्या ॲपचा बॅकअप झाल्याची तारीख स्वतः तपासल्याशिवाय पुसू नका. आणि लोकलचं तिकीट किंवा पास ज्या ॲपमध्ये आहे, त्यावर हे उपाय ठाण्याच्या फलाटावर उभं राहून करू नका. तिकीट फोनमध्येच साठवलेलं असेल तर टीसीला दाखवायला काही उरणार नाही. प्रवास संपू द्या.

११. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपचा डेटा पुसला तर पैसे अडकतात का?

पैसे बँकेत असतात, ॲपमध्ये नाही. यूपीआय पिनही बदलत नाही. पण फोन आणि सिमची जोडणी पुन्हा करावी लागते: ॲप तुमच्या फोनवरून एक एसएमएस पाठवतं आणि तो बँकेत नोंदवलेल्या नंबरवरूनच जावा लागतो. त्यामुळे ते सिम याच फोनमध्ये हवं आणि एसएमएस पाठवण्यापुरतं रिचार्जही हवं. दोन सिम असतील तर योग्य सिम निवडा. नव्या नोंदणीनंतर काही काळ व्यवहाराची मर्यादा कमी असू शकते, तेव्हा शाळेची फी भरायच्या दिवशी हे करू नका.

१२. आता ओटीपी येणंच बंद झालं. डेटा पुसून चुकलं का?

नाही. थोड्या वेळात बऱ्याचदा ओटीपी मागितला की सर्व्हर काही काळ देणं थांबवतो. प्रत्येक नव्या प्रयत्नाने काही ठिकाणी ही वेळ वाढते, म्हणून फोन खाली ठेवा आणि थांबा.

खरी काळजी वेगळी आहे. डेटा पुसायच्या आधी ओटीपी कुठल्या नंबरवर येतो हे माहीत हवं. आमच्याकडे कितीतरी आजी-आजोबांचं खातं मुलाच्या नंबरवर उघडलेलं आहे, आणि मुलगा परदेशात. काहींचा जुना नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलाय. जुन्या टोकनच्या जोरावर ॲप चालू होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा वेळी आधी सोसायटीच्या ऑफिसात नंबर बदलून घ्या.

१३. फोनसोबतच आलेलं ॲप आहे, `Uninstall` दिसत नाही.

प्रश्न ७ प्रमाणे डेटा पुसा, तो पुसता येतो. तिथे `Uninstall updates` असा पर्याय दिसला तर तो कारखान्यातली जुनी आवृत्ती परत आणतो आणि डेटाही पुसतो. ती आवृत्ती सर्व्हरला फार जुनी वाटू शकते, म्हणून लगेच अपडेट करा.

१४. मी ॲप बनवतो. हे लोकांवर येऊ नये म्हणून काय करू?

हा प्रश्न महापेच्या एका मुलाने विचारला आणि मला फार बरं वाटलं. टोकनाची फाइल बॅकअपमधून वगळ. अँड्रॉइड १२ पासून त्याचे नियम असे लिहितात:

```xml
<data-extraction-rules>
  <cloud-backup>
    <exclude domain="sharedpref" path="auth.xml"/>
  </cloud-backup>
  <device-transfer>
    <exclude domain="sharedpref" path="auth.xml"/>
  </device-transfer>
</data-extraction-rules>
```

मॅनिफेस्टमध्ये `android:dataExtractionRules` ने ही फाइल जोड, आणि त्याआधीच्या अँड्रॉइडसाठी `android:fullBackupContent` वेगळं लिही. टोकन वाचता आलं नाही किंवा रिफ्रेशला `invalid_grant` आलं, तर टोकन पुसून लॉगिन दाखव, पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नकोस. पण नेट नसताना आलेल्या एररवर टोकन पुसू नकोस, नाहीतर लिफ्टमध्ये शिरलेला माणूस बाहेर फेकला जाईल. आयफोनसाठी पहिल्या उघडण्याची खूण `UserDefaults` मध्ये ठेव. ॲप काढल्यावर ती जाते, म्हणून ती नसेल तर किचेनमधलं जुनं टोकन पुसून टाक. फक्त ही सोय पहिल्यांदा देताना काळजी घे, कारण आधीपासून लॉगिन असलेल्यांकडेही ती खूण नसेल.

आणि चाचणी कोऱ्या फोनवर करून थांबू नकोस. जुनी आवृत्ती टाक, लॉगिन कर, मग `adb install -r` ने नवी तिच्यावर चढव. लोकांच्या फोनवर घडतं ते हे.

१५. सगळं केलं, तरी होत नाही. कंपनीला काय लिहू?

नुसतं 'लॉगिन होत नाही' लिहिलं तर ते तुम्हाला ॲप काढून पुन्हा टाकायला सांगतील. त्याऐवजी फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ॲपची आवृत्ती (अँड्रॉइडवर `App info` च्या तळाशी सापडते) आणि अपडेट कधी झालं ते लिहा. ओटीपी स्वीकारला गेला की नाही, डेटा पुसल्यावर ॲपने भाषा पुन्हा विचारली की नाही, आणि दुसऱ्या फोनवर तेच खातं चालतं की नाही, हेही लिहा. शेवटच्या प्रयत्नाची वेळ मिनिटापर्यंत द्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत तुमची विनंती त्यांना शोधता येते. स्क्रीनशॉट जोडा, पण त्यात ओटीपी दिसत असेल तर तो झाकून.

उत्तर येईपर्यंत गेटवर वॉचमनला इंटरकॉम नंबर देऊन ठेवा आणि रोज येणाऱ्यांची नावं ऑफिसच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्यायला सांगा.